खुर्चीतून स्वतःचं स्वतः उठता यावं म्हणून: फार वेळ उभं राहू न शकणाऱ्या ज्येष्ठांसाठी बसल्या जागचे व्यायाम

मागच्या पावसाळ्यात आईला न्यूमोनिया झाला आणि ती नऊ दिवस हॉस्पिटलात होती. वय ७६, दोन्ही गुडघे आधीच झिजलेले. घरी आली तेव्हा ताप नव्हता, खोकला नव्हता, पण कमोडवरून उठता येईना. ओट्यापाशी दोन मिनिटं उभी राहिली की पाय लटपटायचे. डिस्चार्ज कार्डावर औषधांची यादी होती आणि सगळ्यात खाली एक ओळ: ‘हलका व्यायाम करावा’. हलका म्हणजे कोणता, किती, कशावर बसून, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. पुढचे तीन आठवडे मी मनाने जे काही केलं, त्यातलं निम्मं चुकलं.

मग घरी येणाऱ्या एक फिजिओथेरपिस्ट ताई मिळाल्या. त्यांनी आल्या आल्या आईला विचारलं, “आजी, तुम्हाला नक्की काय जमायला हवंय?” आई म्हणाली, “कुणाला हाक न मारता संडासला जाता आलं पाहिजे, बास.” ताई म्हणाल्या, “मग आपण उठायचाच व्यायाम करू.” खाली लिहिलेलं सगळं त्या एका कामासाठी आहे. हात वर, हात खाली, मान डावीकडे, मान उजवीकडे असे व्यायाम वाईट नाहीत, पण त्यांनी कमोडवरून उठता येत नाही. उठायला मांडीचा पुढचा स्नायू, बसायच्या जागेचे स्नायू आणि थोडाफार हातांचा जोर लागतो. आधी तिकडे बघा.

१. डॉक्टरांना काय विचारायचं

डिस्चार्ज कार्ड, सध्याच्या गोळ्यांची यादी आणि गुडघ्याचे किंवा मणक्याचे जुने एक्स-रे असतील तर ते घेऊन जा. ‘व्यायाम केला तर चालेल का?’ असं मोघम विचारलंत, तर उत्तरही ‘हो, हलका करा’ असंच मोघम येईल. त्याऐवजी नेमकं विचारा. खुर्चीतून उठ-बस केली तर हृदयाला चालेल ना? मणक्याची हाडं ठिसूळ आहेत का, म्हणजे पुढे वाकणं आणि कंबर पिळणं टाळायचं का? खुब्याचं ऑपरेशन झालं असेल, तर पाय किती दुमडायला परवानगी आहे? खुब्याचा सांधा बदललेल्या बऱ्याच जणांना काही काळ मांडी काटकोनाच्या वर उचलायला आणि पायावर पाय टाकायला मनाई असते. अशांनी पुढे दिलेला गुडघे उचलण्याचा आणि पुढे झुकून उठण्याचा भाग विचारल्याशिवाय करू नये.

आणखी एक तपासणी घरीच करता येते. पाच मिनिटं बसल्यावर बीपी मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला, तर उठताना भोवळ येण्याचं कारण तिथे असू शकतं. डॉक्टरांना सांगा, कधी कधी गोळीची वेळ किंवा मात्रा बदलावी लागते. उभं राहणं तीन मिनिटं जमत नसेल, तर एका मिनिटाचा आकडाही उपयोगाचा. दुसऱ्या कुणीतरी धरलेलं असावं, हे सांगायला नको.

२. खुर्ची

माझी पहिली चूक इथे झाली. घरात पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, हलक्या, धुवायला सोप्या. आईने हातांवर जोर दिला आणि खुर्चीचे मागचे पाय टाईल्सवर फाकले. ती पडली नाही, कारण मागे पलंग होता. तेवढं नशीब.

लाकडाची किंवा लोखंडाची, चार पायांची, हात असलेली, सरळ पाठीची जड खुर्ची घ्या. डायनिंगची खुर्ची चांगली, पण बहुतेकींना हात नसतात. चाकांची, झुलती, घडीची खुर्ची नको. सोफाही नको, त्यात माणूस रुततो. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे मागे सरकत नाही. व्हीलचेअरवरच करायचं असेल, तर दोन्ही ब्रेक लावा आणि उठण्याचा सराव करताना पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचला.

बैठकीची उंची टेपने मोजा. साधारण १७ ते १८ इंच असते. बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे खुब्याच्या पातळीत किंवा किंचित खाली आले पाहिजेत. गुडघे खुब्याच्या वर गेले, तर खुर्ची बुटकी आहे. बैठक जितकी खाली, तितकं उठणं जड. म्हणून सुरुवातीला घट्ट घडी केलेली गोधडी किंवा सतरंजी घालून बैठक दोन-तीन इंचांनी वर घ्या आणि ती सरकू नये म्हणून खुर्चीला बांधा. स्पंजची उशी घालू नका, ती दबते आणि बसल्यावर आपण होतो तिथेच.

आईची उंची बेताची, त्यामुळे उंच बैठकीवर मागे टेकून बसली की तिचे पाय लोंबायचे. त्यावर उपाय देवघरातला पाट. बसल्या बसल्या करायच्या व्यायामांना तो पायाखाली, आणि उठायच्या आधी बाजूला. पाटावरून उठायला जाणं म्हणजे घसरणं.

३. बाकीची जमवाजमव

- अर्धा किलो तांदूळ भरलेली कापडी पिशवी, घोट्याला बांधता येईल अशी. जुना मोजाही चालतो.
- पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. भरलेली एक बाटली अर्ध्या किलोच्या जवळपास येते.
- एक जुनी ओढणी आणि एक लहान घट्ट उशी.
- बीपीचं मशीन. मधुमेह असेल तर साखर तपासायचं मशीनसुद्धा.
- वही आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ.

पायात मोजे असतील तर काढा, कारण फरशीवर मोजा निसरडा. अनवाणी चालेल किंवा मागे पट्टा असलेली रबरी तळाची चप्पल. सपाता नकोत. साडी किंवा गाऊन असेल, तर काठ पायाखाली येणार नाही इतका वर खोचा. आईला हे शेवटपर्यंत आवडलं नाही. शेवटी तिने सलवार घालायला सुरुवात केली, ७६ व्या वर्षी पहिल्यांदा.

मी ऑनलाइन एक पायडलचं यंत्रही मागवलं होतं. गुळगुळीत फरशीवर ते पुढे पळायचं आणि आई खुर्चीत खाली घसरायची. दोरीने बांधून काही दिवस वापरलं, मग माळ्यावर गेलं. आधी तांदळाची पिशवी वापरून बघा.

४. पहिल्या दिवशी मोजून ठेवा

३० सेकंदांत माणूस खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभा राहतो, ही वृद्धांसाठी जगभर वापरली जाणारी चाचणी आहे. १७ इंचांच्या खुर्चीवर, हात छातीवर आडवे घेऊन ती करतात. ७५ ते ७९ वयाच्या बाईला १० पेक्षा कमी आणि पुरुषाला ११ पेक्षा कमी वेळा जमलं, तर ते त्या वयाच्या मानाने कमी समजतात. हातांचा आधार घेतला की नियमाप्रमाणे आकडा शून्य.

आपल्या माणसाचा आकडा शून्यच येणार असेल, तर नियम बाजूला ठेवा. आईच्या बाबतीत आम्ही २० इंचांची बैठक आणि दोन्ही हातांचा आधार घेऊन मोजलं. तीन वेळा उठली आणि चौथ्यांदा अर्ध्यातून खाली बसली. वहीत तसंच लिहिलं: ‘बैठक २० इंच, दोन्ही हात, ३ वेळा’. पुढच्या वेळी तुलना करायची असेल, तर बैठकीची उंची आणि हात कसे होते हे लिहिणं भाग आहे, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. शेजारी कुणीतरी उभं राहूनच हे करा आणि चक्कर किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल, तर ही पायरी सोडा.

५. बसल्या बसल्या करायचे पाच व्यायाम

आधी बसणं. खुर्चीच्या निम्म्या भागापर्यंत पुढे सरका, पाठ सरळ, दोन्ही पायांत खुब्याच्या रुंदीइतकं अंतर. सरळ बसवत नसेल, तर पहिले काही दिवस मागे टेकून करा.

घोटे. टाचा टेकून चवडे वर, मग चवडे टेकून टाचा वर. दहा-पंधरा वेळा. पोटरीचा स्नायू आवळला की पायात साचलेलं रक्त वर ढकललं जातं. त्यामुळे सुरुवातीला तर कराच, पण दिवसभरात उठायच्या आधीही हे केलं की भोवळ कमी येते.

जागच्या जागी चाल. एक गुडघा दोन-तीन इंच वर, खाली, मग दुसरा. प्रत्येक पायाने पाच ते आठ वेळा. पाय उचलताना अंग मागे कलंडत असेल, तर उंची कमी करा.

पाय सरळ करणं. एकच व्यायाम करायला वेळ असेल, तर हा करा. मांडी खुर्चीवरच ठेवून एक पाय गुडघ्यात हळूहळू सरळ करा, चवडा स्वतःकडे ओढा, गुडघ्याच्या वरचा स्नायू दगडासारखा घट्ट झालेला हाताने चाचपून बघा, पाच आकडे मोजा आणि तीन आकडे मोजत पाय खाली आणा. खाली आणतानाचा संथपणा महत्त्वाचा, कारण बसताना धप्पकन न पडण्याची ताकद त्यातून येते. इथे बहुतेक जण पाय झोक्यासारखा उडवतात किंवा पाठ मागे टाकतात. आईही तेच करायची आणि ‘झाले दहा’ म्हणायची. ताईंनी पाचच करायला लावले, पण सावकाश, आणि पाचव्याला तिची मांडी थरथरू लागली. मांडीमागे शीर ओढल्यासारखी कळ पायात उतरत असेल, तर पाय पूर्ण सरळ करू नका. गुडघा आखडलेला असेल, तर जितका होतो तितकाच सरळ करा.

उशी आणि ओढणी. गुडघ्यांमध्ये उशी धरून पाच आकडे दाबा. मग ओढणी दोन्ही मांड्यांभोवती, गुडघ्याच्या जरा वर, बांधा आणि गुडघे बाहेर ढकला; ओढणी ताणत नाही, पण जोर लागतो. पाच-पाच वेळा. उठताना गुडघे एकमेकांवर आपटतात ते या बाहेरच्या स्नायूंमुळे थांबतं.

हात. खुर्चीच्या हातांवर तळवे ठेवून अंग वर उचलायचा प्रयत्न करा. बूड उचललं गेलं नाही तरी चालेल, वजन हलकं झालं की पुरे. पाच वेळा. मग बाटल्या घेऊन कोपरात हात दुमडणं आठ वेळा. खांदा दुखत असेल, तर खांद्याच्या वर हात न्यायची काही गरज नाही.

सगळ्याला मिळून एक नियम: मोठ्याने मोजायचं. जोर लावताना माणूस नकळत श्वास धरतो आणि त्याने बीपी एकदम चढतं. तोंडाने आकडे म्हणत असलं की श्वास धरताच येत नाही. शिवाय शेजारच्या खोलीतून मला ऐकू येतं की आई कितव्याला आहे.

६. उठण्याची तालीम

हे पायऱ्यापायऱ्याने घ्या. प्रत्येक पायरी दोन-तीन दिवस सहज जमली की पुढची.

पहिली पायरी फक्त झुकण्याची. पुढे सरकून बसा, पाय थोडे मागे घ्या, इतके की टाचा गुडघ्यांच्या जरा मागे येतील. आता पाठ सरळ ठेवून खुब्यातून पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. मग परत मागे. म्हाताऱ्या माणसांना पुढे पडायची भीती असते, म्हणून ती सरळ वर उठायला बघतात आणि मागे कोसळतात. भीती वाटत असेल, तर समोर पलंग किंवा भिंतीला टेकवलेलं जड टेबल ठेवा. मणक्याची हाडं ठिसूळ असतील, तर कण्याची कमान होऊ देऊ नका, वाकणं खुब्यातूनच.

दुसरी पायरी: झुकून हातांवर जोर देत बूड दोन इंच उचला, दोन आकडे थांबा, हळू बसा. तिसरी: पूर्ण उभं राहा, तीन श्वास घ्या, मांड्यांना मागे खुर्ची लागल्याची खात्री करा, हात खुर्चीच्या हातांवर न्या आणि तीन आकडे मोजत बसा. खुर्ची मागे आहे हे गृहीत धरून बसायला जाणं हे पडण्याचं अगदी ठरलेलं कारण.

मदत करणाऱ्याने समोरून दोन्ही हात धरून ओढायचं नाही, काखेत हात घालून उचलायचंही नाही. मी आठवडाभर आईला हात धरून ओढत होतो आणि तिचा डावा खांदा पुढे महिनाभर दुखत राहिला. ज्या बाजूचा पाय कच्चा, त्या बाजूला उभे राहा, एक हात कमरेच्या मागे ठेवा आणि जोर त्यांना लावू द्या. तोल गेलाच, तर उभं धरून ठेवायच्या भानगडीत न पडता खुर्चीत बसवा.

७. किती, केव्हा आणि कधी वाढवायचं

जेवणानंतर तासभर तरी जाऊ द्या. उपाशीपोटी नको, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर. साखर ७० च्या खाली असेल, तर आधी साखर-पाणी द्या, डॉक्टरांना कळवा आणि व्यायाम त्या दिवसापुरता सोडा. सांधे आखडलेले असतात त्यांना अंघोळीनंतरची वेळ बरी पडते. आम्ही सकाळी अकराला दहा मिनिटं आणि संध्याकाळी मालिकेच्या आधी दहा मिनिटं धरली. घोटे आणि चाल रोज. पाय सरळ करणं आणि उठ-बस एक दिवसाआड, कारण स्नायूला मधला दिवस लागतो.

जोर किती लागतोय ते बोलण्यावरून ओळखा. थोडी धाप लागली तरी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत; बारा सहज होत असतील, तर आता नुसते आकडे वाढवू नका, घोट्याला तांदळाची पिशवी बांधा. उठ-बशीत वजन नाही, बैठक खाली आणायची: गोधडीची एक घडी काढा.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं ठीक आहे. पण व्यायामानंतर दोन तासांनीही गुडघा आधीपेक्षा जास्त दुखत असेल किंवा सुजला असेल, तर पुढच्या वेळी निम्मं करा. पूर्ण बंद करायची घाई नको. ‘दुखतंय, राहू दे’ म्हणत आम्ही चार दिवस सोडले आणि चार दिवसांनी ती पुन्हा तीनवर.

८. लगेच थांबायचं कधी

व्यायामाआधी बसून मोजलेलं बीपी १८०/११० च्या वर असेल, तर सुरूच करू नका, डॉक्टरांना फोन करा. ताप असेल त्या दिवशीही नको. मध्येच छातीत दाब, न थांबणारी धाप, दरदरून घाम, तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडणं, बोलणं अडखळणं, असं काही झालं तर थेट १०८. एकाच पायाची पोटरी सुजून गरम आणि दुखरी झाली असेल, तर ती चोळू नका, तेलही लावू नका. बराच काळ पडून राहिलेल्या माणसाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. त्याच दिवशी दाखवा.

९. आमच्या वहीतून

पहिला आठवडा: पाय सरळ करणं पाच-पाच वेळा, उठणं फक्त झुकण्यापुरतं. दुसऱ्या आठवड्यात बूड उचललं गेलं. तिसऱ्या आठवड्यात उजव्या पायाला अर्धा किलो, डाव्याला नाही, कारण डावा गुडघा दोन तासांच्या कसोटीला उतरला नाही. पाचव्या आठवड्यात पूर्ण उठ-बस सहा वेळा, बैठक २० इंच, दोन्ही हात. सहाव्यात तिला सर्दी-ताप झाला आणि सगळं चारवर आलं. परत सहावर यायला आठ दिवस गेले. दहाव्या आठवड्यात बैठक १८ इंच, हात स्वतःच्या मांड्यांवर, ३० सेकंदांत पाच वेळा. छातीवर हात घेऊन अजून एकदाच जमतं.

कमोडचं काय? कमोडची बैठक बहुधा १५-१६ इंच असते, म्हणजे आम्ही सराव केलेल्या खुर्चीहून खाली. नुसत्या व्यायामाच्या भरवशावर न राहता सर्जिकलच्या दुकानातून चार इंचांची उंच सीट आणली आणि भिंतीत पक्क्या दांड्याचं हँडल बसवून घेतलं. नॅपकिनच्या दांडीला धरून उठायचं नाही, ती वजनासाठी नसते. अकराव्या आठवड्यात एका पहाटे मला जाग आली ती फ्लशच्या आवाजाने.

१०. खुर्चीत काय होत नाही

बसून केलेल्या व्यायामाने पाय बळकट होतात, पण उभ्याचा तोल बसून फारसा सुधारत नाही. त्यासाठी थोडं तरी उभं राहावंच लागतं. उठ-बस पाच वेळा बिनत्रास जमू लागली की ओट्याला दोन्ही हातांनी धरून, मागे खुर्ची ठेवून, ३० सेकंद उभं राहा. मग बसा. हे तीनदा. त्यानंतर ओटा धरूनच वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं. पाय लटपटायच्या आधी बसायचं, नंतर नाही. म्हणून घड्याळ ओट्यावरच ठेवा. आई सध्या ५० सेकंदांवर आहे आणि तेवढ्यात फोडणीत जिरं घालून घेते. गॅस मी चालू करतो.